सल्ला सदर : वचन गीतेचं, मग 'तो पुरुष' कोणाचा?

*मॅडम, मी बडोद्याला राहते आणि घरून शोधनिबंधांचं संपादन करते. सध्या एका मराठी संपादित ग्रंथासाठी आलेला लेख हातात आहे. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांचं मानसिक स्थैर्य आणि गीतेतला स्थितप्रज्ञ, असा विषय. ग्रंथाचं धोरण लिंगसमावेशक भाषेचं आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण लेखात पानोपानी गीतेचे श्लोक आणि त्यांचे मराठी अर्थ आहेत, नि सगळीकडे 'पुरुष', 'मनुष्य', 'जो… तो'. समन्वयक म्हणतात, सरसकट 'व्यक्ती' करून टाका. लेखक वयाने आणि अधिकाराने मोठे. सर म्हणतात, शास्त्रवचनाला हात लावायचा नाही. बदललं तर वचनाशी बेइमानी, न बदललं तर ज्या बायकांवर लेख लिहिला त्यांनाच बाहेर ठेवल्यासारखं. मी कोणाचं ऐकू? नमुन्यादाखल दोन पानं जोडली आहेत.*

*— एक संपादिका*

तुम्ही जोडलेली पानं दोनदा वाचली. कोणाचं ऐकायचं हे ठरवण्याआधी एक साधी गोष्ट तपासू या. या पानांवर 'शास्त्रवचन' म्हणून जे आहे, त्यातलं नेमकं काय शास्त्राचं आहे?

दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे दोन श्लोक सरांनी संस्कृतात दिले आहेत आणि खाली अवतरणचिन्हांत अर्थ दिला आहे: "विषयांचे चिंतन करणाऱ्या पुरुषाला त्यांच्याविषयी आसक्ती उत्पन्न होते, आसक्तीतून काम, कामातून क्रोध… आणि बुद्धिनाश झाल्यावर तो पुरुष नष्ट होतो." आता वरचं संस्कृत वाचा. 'ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते'. इथे 'पुंसः' आहे, म्हणजे पहिल्या 'पुरुषाला'ला मुळात आधार आहे. पण ६३वा श्लोक संपतो तो 'बुद्धिनाशात्प्रणश्यति' असा. यात 'तो' नाही आणि 'पुरुष'ही नाही. संस्कृतात अशा क्रियापदाला लिंगच नसतं, कर्ता वरच्या श्लोकातून घ्यायचा असतो. मराठीत मात्र 'होतो' की 'होते' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, म्हणून भाषांतरकाराने 'तो पुरुष' घातला. त्यात त्याची चूक नाही, मराठीने त्याला तिथे आणून सोडलं. पण मग सर ज्याला हात लावू देत नाहीत त्यातले 'तो पुरुष' हे दोन शब्द व्यासांचे नाहीत, भाषांतरकाराचे आहेत.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की 'अवतरण' हा एकच ढीग समजू नका. तुमच्या हातातल्या लेखात चार वेगवेगळे थर आहेत आणि प्रत्येकाला वेगळा न्याय लागतो. मूळ संस्कृत श्लोक, कोणाच्या तरी छापील ग्रंथातलं मराठी भाषांतर, सरांनी स्वतः केलेलं भाषांतर, आणि सरांचं स्वतःचं निवेदन.

मूळ श्लोकाबद्दल चर्चाच नको. तो अक्षरशः तसाच राहील, संदर्भासह. चौथ्या थराबद्दलही फारशी चर्चा नको. निवेदनाला ग्रंथाचं धोरण पूर्ण लागू आहे, तिथे 'स्थितप्रज्ञ पुरुष कसा वागतो' असं सरांनी लिहिलं असेल तर 'स्थितप्रज्ञतेची लक्षणं काय' असं करायला कोणतंही शास्त्र आड येत नाही. खरा पेच मधल्या दोन थरांचा आहे, आणि गंमत अशी की तुमच्या पानांवर ते दोन एकमेकांत मिसळलेत. एका श्लोकाखाली भाषांतरकाराचं नाव आहे, पुढच्या दोनखाली काहीच नाही. ते अर्थ सरांचे की त्याच पुस्तकातले? हे सरांना विचारल्याशिवाय एक अक्षर बदलू नका.

उत्तर 'छापील पुस्तकातले' असं आलं, तर ते भाषांतरही तुमच्यासाठी मूळ श्लोकाइतकंच बंद आहे. ज्या माणसाने १९३० साली 'पुरुष' लिहिलं, त्याच्या नावावर तुम्ही 'व्यक्ती' छापलीत, तर त्याने कधी न लिहिलेलं वाक्य त्याच्या नावाने ग्रंथालयात जाऊन बसतं. उद्या कोणी त्या काळच्या भाषांतरकारांची भाषा अभ्यासायला घेतली तर त्याला तुमचा लेख चुकीचा पुरावा देईल. चौकटी कंसाचा मार्ग आहे, पण मराठीत तो फार महाग पडतो. 'पुरुषाला' काढून '[व्यक्तीला]' केलंत की पुढचं 'तो' '[ती]' होतं, 'पावतो'चं 'पाव[ते]' होतं, 'त्याची' '[तिची]' होते, आणि दोन ओळींत चार कंस बसतात. वाचणारा श्लोकाचा अर्थ सोडून कंसच मोजत बसतो. एखाद्या शब्दापुरता कंस चालेल, त्याहून जास्त लागत असेल तर तो उपाय तिथे लागू नाही असं समजा. 'मुळात असेच' अशी शेरेबाजी तर धर्मग्रंथाच्या अवतरणात मी कधीच करू देत नाही. ती वाचकाला भाषांतरकारावर डोळे वटारायला लावते आणि कळत काहीच नाही.

तिथे तीन सरळ वाटा उरतात. भाषांतर जसंच्या तसं ठेवा आणि त्याचं नाव-साल ठळक द्या, म्हणजे ती त्या काळाची भाषा आहे हे आपोआप दिसेल. किंवा अवतरणचिन्हं काढून तोच आशय सरांच्या निवेदनात आणा, 'अमुक यांच्या भाषांतराच्या आधारे' असं सांगून. किंवा सरांनाच म्हणा, सर, या श्लोकांचा अर्थ तुम्ही स्वतः लिहा. मला तिसरी वाट सगळ्यात आवडते, कारण लेखाचा सगळा युक्तिवाद या श्लोकांवर उभा आहे. ज्याचा युक्तिवाद आहे त्याने श्लोकाचा अर्थही स्वतःच्या जबाबदारीवर करावा.

आता समन्वयकांच्या 'व्यक्ती'बद्दल. हा शब्द सगळ्यांना मुळातच लिंगनिरपेक्ष वाटतो, पण मराठीत तो स्त्रीलिंगी आहे. 'जी व्यक्ती विषयांचं चिंतन करते तिला…' असं पानभर चाललं की 'ती' आणि 'तिची' यांचा सडा पडतो. तुमच्या लेखात तर पुढच्याच परिच्छेदात परिचारिकांच्या मुलाखती आहेत, तिथेही 'ती' आहे. वाचकाला क्षणभर कळत नाही की गीता बोलते आहे की मुलाखतीतली परिचारिका. म्हणजे पुल्लिंग काढायला गेलो आणि श्लोक बायकांबद्दलचा करून बसलो. तेही मुळाला धरून नाहीच.

मराठीकडे याहून चांगली सोय आहे आणि ती आपण रोज वापरतो. 'करणारा' आणि 'करणारी' यांत लिंग दिसतं, 'करणाऱ्याला' आणि 'करणारीला' यांतही दिसतं. पण 'करणाऱ्यांना', 'करणाऱ्यांच्या', 'करणाऱ्यांवर' यांत दिसत नाही. अनेकवचनात विभक्तीचा प्रत्यय लागला की बाई, पुरुष, सगळे एकाच रूपात येतात. तेच 'ज्याची बुद्धी' आणि 'जिची बुद्धी' यांचं. 'ज्यांची बुद्धी' म्हटलं की प्रश्न मिटतो. आणि 'आपला', 'आपल्या', 'स्वतः' हे शब्द तर कर्ता कोण आहे याची चौकशीच करत नाहीत. यांच्या आधाराने मी त्या दोन श्लोकांचा मसुदा करून पाहिला:

"विषयांचं सतत चिंतन करणाऱ्यांच्या मनात त्या विषयांची आसक्ती उपजते. आसक्तीतून कामना येते, कामनेतून क्रोध. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा गोंधळ, स्मृती ढळली की बुद्धीचा नाश, आणि बुद्धीच्या नाशातून सर्वनाश."

एकही कंस नाही, 'व्यक्ती' नाही, आणि शेवट मुळासारखाच कर्ता न सांगता झाला. सरांना हा मसुदा पटेलच असं नाही, त्यांनी स्वतःचा करावा. पण हे जमतं, एवढं त्यांना दिसायला हवं.

या युक्तीलाही किंमत आहे, ती लपवू नका. अनेकवचन केलं की एकटेपणा जातो. ६०व्या श्लोकात 'यततो ह्यपि कौन्तेय पुरुषस्य विपश्चितः' म्हटलं आहे. जाणतं, प्रयत्न करणारं एक माणूस, आणि त्याचं मन बळजबरीने ओढून नेणारी अनेक इंद्रियं. एकाविरुद्ध अनेक, हेच त्या ओळीचं बळ आहे. तिथे 'प्रयत्न करणाऱ्या जाणत्यांची मनं' केलं तर श्लोक सैल पडतो. अशा जागी मी 'माणूस' ठेवीन: 'माणूस जाणता असो, झटून प्रयत्न करणारा असो, ही दांडगी इंद्रियं मनाला बळाने खेचून नेतात.' 'करणारा' पुल्लिंगी राहिलं खरं, पण मराठीत 'माणूस' स्त्रीलाही सामावून घेतो, आणि एका शब्दासाठी श्लोकाचा कणा मोडणं मला मान्य नाही. तुमचे समन्वयक इथे हरकत घेतील. त्यांना कारण सांगा. कारण असलेला अपवाद धोरणाला दुबळं करत नाही.

(याच ओळीत 'पुरुषस्य'च्या शेजारी 'कौन्तेय' आहे. अर्जुनाला हाक मारताना त्याच्या आईचं नाव घेतलंय, आणि ते 'कुंतीपुत्रा' असंच राहायला हवं. संबोधनं कधीच निरपेक्ष करायची नाहीत. १५व्या श्लोकातलं 'पुरुषर्षभ' हेही अर्जुनाला उद्देशून आहे, आणि अर्जुन पुरुषच आहे.)

तुमचा खरा प्रश्न मात्र याच्याही मागे आहे. 'पुरुष' म्हणजे इथे 'माणूस' असं आपण कशावरून म्हणतो? सोयीचं आहे म्हणून? इथे सरांची काळजी रास्त आहे. म्हणून पुरावा द्यायला हवा, आणि तो श्लोकांच्या शेजारीच आहे. ५४ ते ७२ हा सगळा भाग स्थितप्रज्ञाचाच आहे. त्यात ५९व्यात 'निराहारस्य देहिनः' येतं, देहधारी जीवाचं. लगेच ६०व्यात 'पुरुषस्य', ६२व्यात 'पुंसः', ७१व्यात 'पुमान्'. आधी २२व्या श्लोकात जुने कपडे टाकून नवे घेणारा 'नर' आहे, आणि त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात जुनी शरीरं टाकून नवी घेणारा 'देही'. एकाच विचाराच्या ओघात हे शब्द जागा बदलत राहतात. म्हणून या भागात ते 'साधक' या सामान्य अर्थाने आले आहेत असं म्हणायला चांगला आधार आहे. पण 'पुंस्' हा शब्द मुळात नराचाच वाचक आहे आणि ऐकणारा एक योद्धा आहे, हेही तितकंच खरं. तेव्हा लिंगनिर्देश टाळून केलेला अर्थ हा एक अन्वयार्थ आहे, आणि तो अन्वयार्थ आहे असं लेखात सांगायला हवं. पहिल्या श्लोकाला एकच तळटीप पुरेल. मी अशी सुचवीन:

"या लेखातील श्लोकांचे मराठी अर्थ, वेगळा उल्लेख नसेल तेथे, लेखकाचे आहेत. 'पुरुष', 'पुंस्', 'पुमान्', 'नर' ही पदे दुसऱ्या अध्यायात साधक या सामान्य अर्थाने आली आहेत असे लेखकाचे मत असल्याने तेथे लिंगनिर्देश शक्य तितका टाळला आहे. संबोधने, पारिभाषिक 'पुरुष' आणि स्त्री-पुरुषभेद हाच ज्यांचा आशय आहे अशी वचने मुळाप्रमाणे ठेवली आहेत."

बडोद्यात राहून या टीपेचं मोल तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची जी चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात काढली, तिच्यात वर स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली हस्तलिखितांतले पाठभेद. संपादकांनी निवड केली, पण काय सोडलं ते त्याच पानावर वाचकाच्या हाती दिलं. बायबलच्या भाषांतरातही हेच झालं. १९८९च्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने पत्रांमधल्या ग्रीक 'भावांनो'च्या जागी 'बंधू-भगिनींनो' असा अर्थ घेतला, पण तळटीपेत मूळ शब्द 'भाऊ' असल्याचं नोंदवलं. देवासाठीचा 'पिता' मात्र तसाच ठेवला. म्हणजे माणसांबद्दलची भाषा कुठे उघडायची आणि कुठे थांबायचं, हे त्यांनाही ठरवावं लागलं.

आता 'पारिभाषिक पुरुष' का म्हटलं ते सांगते, कारण इथे घाईत घात होतो. समन्वयकांच्या 'सरसकट'चा अर्थ संगणकावर शोधून एका दमात बदलणं असा असेल, तर तो मोह टाळा. गीतेच्या तेराव्या अध्यायात 'पुरुष' हा प्रकृतीच्या जोडीचा तत्त्वज्ञानातला शब्द आहे. पंधराव्यात क्षर आणि अक्षर असे दोन 'पुरुष' आहेत आणि त्यांच्या पलीकडचा पुरुषोत्तम. सरांच्या लेखात 'प्रकृती-पुरुष विवेक' असा उपविभाग मला दिसला. एका बटणाने तिथे 'प्रकृती-व्यक्ती विवेक' झालं आणि 'पुरुषार्थ'चा 'व्यक्तीअर्थ' झाला, तर सर लेख मागे घेतील आणि त्यांना मी दोष देणार नाही.

सगळ्यात जपायची जागा तुमच्या दुसऱ्या पानावर आहे. लेखाच्या निष्कर्षात सरांनी नवव्या अध्यायातला ३२वा श्लोक दिला आहे: 'मां हि पार्थ व्यपाश्रित्य येऽपि स्युः पापयोनयः । स्त्रियो वैश्यास्तथा शूद्रास्तेऽपि यान्ति परां गतिम् ॥' आणि समासात समन्वयकांची सूचना आहे की इथे 'समाजातील सर्व घटक' असं करावं. हे करू नका. स्थितप्रज्ञाच्या श्लोकांत पुल्लिंग हे बोलण्याच्या पद्धतीचा भाग आहे. इथे 'स्त्रिया' हा शब्द म्हणजेच विधान आहे. 'तेऽपि', म्हणजे 'तेसुद्धा', यात एक दार उघडलं जातं आणि ते आधी बंद होतं हेही कबूल केलं जातं. 'सर्व घटक' केलंत की ही दोन्ही अर्धी पुसली जातात. ज्या परिचारिकांवर लेख आहे त्यांना या श्लोकात काय म्हटलंय हे वाचायचा हक्क आहे, बोचलं तरीही.

उलट इथे तुम्ही सरांना थोडं अधिक लिहायला सांगा. शांकरभाष्यात 'पापयोनी कोण?' असा प्रश्न करून स्त्रिया, वैश्य आणि शूद्र असं उत्तर दिलं आहे, म्हणजे 'पापयोनयः' हे या तिघांचंच विशेषण धरलंय. दुसरं वाचन पापयोनी हा वेगळा गट मानतं, आणि मग स्त्रिया त्या विशेषणातून सुटतात. मराठी अर्थ लिहिताना मधे कोणता एक शब्द पडतो त्यावर हे ठरतं. 'पापयोनीत जन्मलेले, तसेच स्त्रिया…' असं लिहिलं की एक बाजू घेतली, 'पापयोनीत जन्मलेले, म्हणजे स्त्रिया…' असं लिहिलं की दुसरी. सरांनी सध्या 'तसेच' लिहिलंय आणि कारण दिलेलं नाही. समावेशक भाषेच्या दृष्टीने या लेखातली सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती हीच आहे, आणि ती 'पुरुष' या शब्दात नाही.

सरांशी बोलायचं कसं, असंही तुम्हाला विचारायचं असणार. धोरणाच्या भाषेत बोलू नका, ते त्यांना बाहेरून लादल्यासारखं वाटेल. मुळाशी इमान राखण्याची त्यांची जी भूमिका आहे, तिथूनच सुरुवात करा. समासातली टीप साधारण अशी: "सर, श्लोकाला कुठेही हात लावलेला नाही. ६३व्या श्लोकात 'प्रणश्यति'चा कर्ता मुळात सांगितलेला नाही, भाषांतरात 'तो पुरुष' आला आहे. हा अर्थ आपला आहे की छापील ग्रंथातला? आपला असेल तर खालचा मसुदा पाहावा. छापील असेल तर तसाच ठेवून ग्रंथाचं नाव देऊ." शेवटचा निर्णय सरांचा. तुम्ही तो त्यांच्या वतीने गुपचूप घेऊ नये, आणि समन्वयकांनीही घेऊ नये. समन्वयकांना हीच टीप आणि तळटीपेचा मसुदा एकत्र पाठवा, म्हणजे धोरण कुठे लागू केलं आणि कुठे का नाही, हे त्यांना एका ठिकाणी मिळेल.

मुद्रितं आली की एक फेरी केवळ सर्वनामांसाठी करा. नाम बदलताना क्रियापद सुटतं आणि 'चिंतन करणाऱ्यांच्या मनात… तो नष्ट होतो' अशी अर्धवट वाक्यं छापली जातात. 'तो', 'त्याला', 'त्याचा', 'ज्याचा' हे चार शब्द लेखभर शोधा, प्रत्येक जागी थांबून ते वाक्य कोणत्या थरातलं आहे ते बघा, आणि छापील भाषांतरांतली अवतरणं पुस्तक समोर ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहा. इतक्या फेऱ्यांत एखादं 'तो' तिथूनही चुकून निघून गेलेलं असतं, ते परत जागेवर ठेवा.